निवृत्तीवेतन मंजूर आहे, तरी खात्यात पैसे दिसत नाहीत: विधवा आणि वृद्धापकाळ योजनांमधील अडचण नेमकी कुठे आहे ते कसे शोधावे

महाराष्ट्रात विधवा आणि वृद्ध व्यक्तींना मिळणाऱ्या मासिक अर्थसाहाय्याबाबत गावांतून एकच तक्रार वारंवार येते. नाव यादीत आहे, मंजुरीचा कागदही हातात आहे, पण पासबुकात नोंद नाही. बँकेत विचारले की तहसीलकडे बोट दाखवले जाते, तहसीलमध्ये गेले की "पैसे पाठवले आहेत, बँकेत बघा" असे उत्तर मिळते. यात दोन्ही ठिकाणचे लोक खोटे बोलत असतात असे नाही. पैसा तहसीलच्या यादीतून निघून खात्यापर्यंत पोहोचेपर्यंत मध्ये आणखी एक पायरी असते. ती दोन्ही कार्यालयांच्या टेबलावर दिसत नाही, आणि बहुतेक अडचणी तिथेच अडकलेल्या असतात. ती पायरी समजून घेण्यासाठी एक नमुन्याचे घर डोळ्यांसमोर ठेवू.

या घरात अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई आहेत. त्यांना श्रावणबाळ योजनेचे पैसे काही वर्षांपासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या खात्यात नियमित मिळत होते, पण जानेवारीनंतर पासबुकात एकही नोंद नाही. त्यांची सून छत्तीस वर्षांची आहे. पतीचे निधन झाल्यावर तिने संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज केला आणि तो मार्चमध्ये मंजूर झाला. तिच्या खात्यात दरमहा १,५०० रुपये येतात, त्यामुळे तिचे काम झाले असे सगळे घर समजून चालले आहे. जून महिना उजाडला आहे. सासूबाईंचे पैसे बंद झाले आणि सुनेचे सुरू झाले, असा घरच्यांचा समज आहे. पुढे दिसेल की वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे.

आधी पात्रता, कारण काही वेळा अडचण तिथेच असते

वृद्ध व्यक्तींसाठी राज्याची मुख्य योजना म्हणजे श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. वय ६५ वर्षे पूर्ण झालेले असावे, महाराष्ट्रात किमान १५ वर्षे वास्तव्य असावे आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपेक्षा जास्त नसावे, या तिच्या अटी आहेत. ज्यांचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत आहे, त्यांना केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तीवेतन योजनेचाही हिस्सा मिळतो. विधवा महिलांसाठी, वय ६५ च्या आत असेल तर, संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे आणि तिथेही उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपयेच आहे. दारिद्र्यरेषेखालील यादीतील ४० वर्षांवरील विधवेला केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय विधवा निवृत्तीवेतन योजनेचा हिस्सा जोडून दिला जातो. संजय गांधी योजनेतील महिला ६५ वर्षांची झाली की तिचा लाभ बंद होत नाही, तिला श्रावणबाळ योजनेत वर्ग केले जाते. या बदलाच्या वेळी नाव एका यादीतून दुसऱ्या यादीत जाते आणि मधल्या काळात खंड पडण्याची शक्यता असते, म्हणून वयाची पासष्टी जवळ आलेल्या महिलेच्या घरच्यांनी त्या काळात तहसीलमध्ये एकदा चौकशी करून ठेवावी.

२१,००० रुपये वार्षिक म्हणजे महिन्याला १,७५० रुपये होतात. आजच्या मजुरीच्या दरात ही मर्यादा विचित्र वाटते आणि वाटायलाही हवी, पण नियम तोच आहे आणि अर्ज नाकारला जाण्याचे हे एक मोठे कारण आहे. येथे अर्जदाराचे एकट्याचे नव्हे, तर कुटुंबाचे उत्पन्न धरले जाते. त्यामुळे शहरात नोकरी करणाऱ्या मुलाचे नाव आई-वडिलांच्याच शिधापत्रिकेवर राहिले असेल आणि तो प्रत्यक्षात वेगळा राहत असेल, तर ही बाब तलाठ्याच्या चौकशीच्या वेळीच स्पष्ट सांगावी आणि शिधापत्रिका वस्तुस्थितीप्रमाणे विभक्त करून घ्यावी. दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असेल, तर उत्पन्नाच्या दाखल्याऐवजी त्या यादीचा उतारा जोडता येतो आणि हा प्रश्न बराच सोपा होतो.

मासिक रक्कम जुलै २०२३ पासून १,५०० रुपये आहे. त्याआधी ती १,००० रुपये होती. ज्यांना केंद्राचा हिस्साही मिळतो त्यांच्या हाती एकूण रक्कम तेवढीच येते, मात्र ती दोन तुकड्यांत येऊ शकते. वृद्धापकाळ योजनेत केंद्राचा वाटा ७९ वर्षांपर्यंत २०० रुपये असतो, विधवा योजनेत तो ३०० रुपये असतो, आणि उरलेली रक्कम राज्य घालते. म्हणून पासबुकात एकदा १,३०० आणि नंतर कधीतरी २०० अशी नोंद दिसली, तर मधल्या मध्ये कोणी पैसे कापून घेतले असा निष्कर्ष लगेच काढू नये. आमच्या उदाहरणातील सासूबाईंचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत नाही, त्यामुळे त्यांची पूर्ण रक्कम राज्याकडूनच आणि एकत्र येते.

कागदपत्रे: संख्या थोडी असते, अडचण नावांची असते

अर्ज तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना शाखेत, ज्याला सगळे "संगायो" म्हणतात, तिथे केला जातो किंवा सेतू केंद्रातून भरला जातो. तलाठी चौकशी करतो, अर्ज तालुकास्तरीय समितीसमोर जातो आणि मंजुरीनंतर नाव यादीत चढते. सोबत वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीचा उतारा, शिधापत्रिका, आधारकार्ड, पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स आणि छायाचित्र लागते. विधवेसाठी पतीच्या मृत्यूचा दाखला आणि मुले लहान असल्यास त्यांच्या जन्माचा किंवा शाळेचा दाखला लागतो.

यांपैकी दोन कागदांवर थोडे थांबले पाहिजे. पहिला वयाचा. वृद्धांच्या आधारकार्डावर अनेकदा १ जानेवारी ही अंदाजाने टाकलेली जन्मतारीख असते. तेवढ्यावर भागले नाही, तर शाळा सोडल्याचा दाखला, जन्मनोंदीचा उतारा, मतदारयादीतील वयाचा उतारा किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा वयाचा दाखला चालतो. कधीही शाळेत न गेलेल्या आजीसाठी यांपैकी शेवटचा मार्ग सहसा उपयोगी पडतो. दुसरा कागद मृत्यूच्या दाखल्याचा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत विनाशुल्क होते. ३० दिवसांपर्यंत ती विलंब शुल्क भरून करता येते, त्यानंतर वर्षभराच्या आत वरिष्ठ निबंधकांची परवानगी लागते, आणि वर्ष उलटून गेल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. दुःखाच्या दिवसांत ही नोंद राहून जाते आणि पुढे वर्ष-दीड वर्षाने निवृत्तीवेतनाच्या अर्जाच्या वेळी तिचा अडसर होतो. म्हणून दहावा-तेरावा होण्याच्या सुमारास घरातील एखाद्या जाणत्या माणसाने ही नोंद करून घ्यावी. दाखल्यावर पतीचे नाव आधारवर आहे तसेच लिहिले गेले आहे का, तेही त्याच वेळी पाहावे.

याच ठिकाणी एक आनुषंगिक गोष्ट सांगून ठेवतो. पती कुटुंबाचा मुख्य कमावता होता, मृत्यूच्या वेळी त्याचे वय १८ ते ५९ होते आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालील आहे, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २०,००० रुपये एकरकमी मिळतात. हा अर्जही संगायो शाखेतच होतो, पण मासिक योजनेच्या गडबडीत त्याची आठवण कोणी करून देत नाही.

पैसा खात्यापर्यंत कसा पोहोचतो

पूर्वी तहसील कार्यालय बँकेला यादी आणि एकत्रित रक्कम देत असे आणि बँक ती यादीतील खाते क्रमांकांवर वाटून टाकत असे. त्या काळात खाते क्रमांक बरोबर असला की काम भागत होते. २०२४ च्या अखेरीपासून राज्याने या योजनांचे वाटप थेट लाभ हस्तांतरणाच्या, म्हणजे डीबीटीच्या पोर्टलवरून सुरू केले. आता रक्कम आधार क्रमांकावर पाठवली जाते आणि तो आधार क्रमांक कोणत्या बँकेशी जोडलेला आहे, हे राष्ट्रीय देयक महामंडळाच्या, म्हणजे एनपीसीआयच्या नोंदवहीतून पाहिले जाते. सुरुवातीला ज्या न दिसणाऱ्या पायरीचा उल्लेख केला, ती हीच.

या नोंदवहीचा एक नियम पक्का लक्षात ठेवावा. एका आधार क्रमांकासमोर एका वेळी एकाच बँकेचे नाव असते. तुमची चार बँकांत खाती असोत आणि चारही ठिकाणी आधारची झेरॉक्स दिलेली असो, डीबीटीचा पैसा नोंदवहीत शेवटी ज्या बँकेचे नाव चढले तिथेच जातो. यावरून दुसरी गोष्ट स्पष्ट होते. "आमच्याकडे आधार लिंक आहे" असे शाखेतील कर्मचारी सांगतो, तेव्हा तो बहुधा केवायसीसाठी खात्याला जोडलेल्या आधारबद्दल बोलत असतो. ते आवश्यक असले तरी पुरेसे नाही. एनपीसीआयच्या नोंदवहीत त्या बँकेचे नाव चढणे, ज्याला आधार सीडिंग म्हणतात, ही वेगळी क्रिया आहे. शाखेत गेल्यावर प्रश्न "आधार लिंक आहे का" असा विचारू नये, "या खात्याचे डीबीटीसाठी आधार सीडिंग झाले आहे का" असा विचारावा. प्रश्न बदलला की उत्तरही बदलते.

दोष शोधण्याचा क्रम

सर्वांत पहिली तपासणी शेजाऱ्यांकडे करायची असते आणि तिला काही खर्च नाही. याच योजनेतील गावातील दुसऱ्या दोन-तीन लाभार्थ्यांना त्या महिन्याचे पैसे आले आहेत का, ते विचारावे. कोणालाच आले नसतील, तर निधी किंवा देयक वरच्या पातळीवर थांबलेले आहे. या योजनांची रक्कम महिन्याच्या ठरावीक तारखेलाच येते असे नाही, कधी दोन-तीन महिन्यांची रक्कम एकदम येते, आणि अशा वेळी बँकेत किंवा तहसीलमध्ये खेटे घालून एकट्याचे काम होत नाही. इतरांना आले आणि तुम्हालाच आले नाहीत, तर दोष तुमच्या नोंदीत आहे आणि तो शोधण्यासारखा आहे.

दुसरी तपासणी पासबुकाची. मोबाइलवर संदेश आला नाही म्हणजे पैसे आले नाहीत असे होत नाही, कारण अनेक वृद्धांच्या खात्याला जोडलेला क्रमांक जुना किंवा बंद पडलेला असतो. शाखेत जाऊन पासबुक शेवटच्या ओळीपर्यंत छापून घ्यावे आणि प्रत्येक जमा नोंदीसमोरचा तपशील वाचावा किंवा कर्मचाऱ्याकडून वाचून घ्यावा. फक्त रक्कम पाहून निष्कर्ष काढला तर काय होते, ते सुनेच्या बाबतीत पुढे दिसेल.

तिसरी तपासणी सीडिंगची. `myaadhaar.uidai.gov.in` या संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि आधारला जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून प्रवेश केला की `Bank Seeding Status` असा पर्याय दिसतो. तिथे बँकेचे नाव, स्थिती `Active` आहे की `Inactive`, आणि ती नोंद शेवटची कधी बदलली याची तारीख दिसते. या पानावरच्या तीन गोष्टी बहुतेक प्रकरणांचा उलगडा करतात. बँकेचे नाव अनोळखी असेल, तर पैसे त्या बँकेत जात आहेत. स्थिती `Inactive` असेल, तर ते कुठेच पोहोचत नाहीत आणि परत फिरत आहेत. नाव आणि स्थिती दोन्ही बरोबर असतील, तर बँकेचा दोष सोडून तहसीलच्या नोंदीकडे वळावे. आधारला मोबाइल जोडलेलाच नसेल, तर आधी आधार केंद्रात जाऊन तो जोडून घ्यावा लागतो, कारण पुढच्या बहुतेक सर्व तपासण्या ओटीपीवरच चालतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बँक मित्राकडे अंगठा लावून शिल्लक पाहिली म्हणजे सीडिंग तपासले, असे काही जण समजतात. त्या यंत्रावर आधी बँक निवडावी लागते आणि निवडलेल्या बँकेतील तुमच्या खात्याची शिल्लक दिसते. डीबीटीचा पैसा कोणत्या बँकेत जातो हे त्यावरून कळत नाही. मात्र एखाद्या विस्मरणात गेलेल्या खात्यात पैसे साचले आहेत का, हे पाहायला तो मार्ग चांगला आहे. अंगठा लावल्यावर व्यवहार झाला नाही असे सांगितले गेले, तरी पावती मागून घ्यावी आणि त्याच खात्याचे पासबुक काही दिवसांत छापून पाहावे.

सासूबाईंचे प्रकरण

आता आपल्या घराकडे येऊ. शेजारच्या दोन आजींना श्रावणबाळचे पैसे मे महिन्यापर्यंत मिळाले आहेत, म्हणजे निधीचा प्रश्न नाही. सासूबाईंच्या जिल्हा बँकेच्या पासबुकात जानेवारीनंतर काहीच नाही. दहावीतल्या नातवाने संकेतस्थळ उघडले तेव्हा बँकेच्या नावासमोर जिल्हा बँकेऐवजी एका पेमेंट्स बँकेचे नाव दिसले, स्थिती `Active` होती आणि तारीख फेब्रुवारीतली होती.

तारीख पाहिल्यावर घरात आठवण निघाली. फेब्रुवारीत गावात एका शिबिरात कोणीतरी "मोफत खाते" काढून दिले होते. आजींनी अंगठा दिला होता आणि एक कार्ड मिळाले होते, ते देव्हाऱ्यामागे ठेवले गेले. खाते उघडताना आधार सीडिंगला संमती घेतली गेली होती, आजींना ते समजले नव्हते, आणि नोंदवहीत जुन्या बँकेच्या जागी नव्या बँकेचे नाव चढले. तेव्हापासून प्रत्येक महिन्याची रक्कम तिकडे जमा होत राहिली. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांचे ६,००० रुपये त्या खात्यात सुरक्षित होते. पैसे बंद झालेच नव्हते, त्यांचा पत्ता बदलला होता. तहसीलचे "पाठवले आहेत" हे उत्तर खरे होते आणि जिल्हा बँकेचे "आमच्याकडे आले नाहीत" हेही खरे होते.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही योग्य आहेत. नवे खाते वापरायला सोयीचे असेल, तर काहीही बदलू नये, फक्त त्याचे पासबुक किंवा खात्याचा उतारा मिळवावा. जुन्याच बँकेत पैसे हवे असतील, तर जुन्या बँकेच्या शाखेत आधार सीडिंगचा संमती अर्ज भरून द्यावा. त्या अर्जात सीडिंग पहिल्यांदाच करायचे आहे की दुसऱ्या बँकेतून या बँकेत आणायचे आहे, असे विचारलेले असते. दुसरा पर्याय निवडून आधीच्या बँकेचे नाव लिहावे, कारण हा रकाना रिकामा राहिला की अर्ज पडून राहू शकतो. काही दिवसांनी `Bank Seeding Status` पुन्हा पाहावे आणि तिथे नाव बदललेले दिसल्यावरच काम झाले असे मानावे. शाखेतील तोंडी आश्वासनावर थांबू नये. सीडिंग बदलले तरी आधी पेमेंट्स बँकेत जमा झालेले ६,००० रुपये आपोआप जुन्या खात्यात येत नाहीत. ते त्याच खात्यातून काढावे लागतात.

वृद्धांच्या खात्याबाबत आणखी एक शक्यता असते. दोन वर्षे खात्यात खातेदाराचा एकही व्यवहार झाला नाही, तर खाते निष्क्रिय धरले जाते. डीबीटीचे पैसे जमा होणे हाही रिझर्व्ह बँकेच्या नियमात असा व्यवहार धरला जातो, म्हणून हा प्रश्न मुख्यतः ज्या खात्यात बराच काळ काहीच जमा झाले नाही तिथे येतो. अशा खात्यात सरकारी लाभाची रक्कम जमा होऊ शकते, पण काढायला गेले की शाखा नकार देते. आधार, छायाचित्र आणि केवायसीचा अर्ज देऊन खाते पुन्हा चालू होते आणि त्यासाठी बँक शुल्क आकारू शकत नाही. पैसे दुसऱ्या बँकेत जाऊ लागले आणि जुन्या खात्याकडे कोणी फिरकलेच नाही, तर हा प्रकार घडू शकतो. वर्षातून एकदा तरी शंभर रुपये काढून पुन्हा भरले तरी खाते जिवंत राहते.

सुनेचे प्रकरण

सुनेच्या खात्यात दरमहा १,५०० रुपये येत होते, म्हणून तिची कोणी चौकशीच केली नव्हती. पासबुक छापून तपशील वाचल्यावर कळले की ती रक्कम मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेची होती आणि ती मंजुरीच्या आधीपासूनच येत होती. दोन्ही योजनांची मासिक रक्कम एकच, दोन्ही आधारवरून एकाच खात्यात, त्यामुळे केवळ आकडा पाहणाऱ्याला फरक कळण्याचे कारण नव्हते. संजय गांधी योजनेचा एकही रुपया तिला मिळालेला नव्हता.

तिचे सीडिंग योग्य बँकेत आणि `Active` होते, त्यामुळे दोष तहसीलच्या नोंदीत शोधावा लागला. संगायो शाखेत विचारल्यावर तिच्या नावासमोर आधार पडताळणी झालेली नसल्याचे दिसले. अर्जात तिचे नाव शाळेच्या दाखल्यावरून माहेरच्या नावाने भरले गेले होते आणि आधारवर सासरचे नाव होते. आधारवर आधारित व्यवस्थेत तहसीलच्या यादीतील नाव आणि क्रमांक आधारशी जुळला नाही, तर देयकात ते नाव पुढेच सरकत नाही, आणि बँकेला त्याची कसलीच कल्पना नसते. तिने आधारकार्डाची झेरॉक्स, मंजुरीचा आदेश, विवाह नोंदणीचा दाखला आणि "माझे नाव आधारप्रमाणे दुरुस्त करून आधार पडताळणी करावी" असा साधा लेखी अर्ज दिला आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घेतली. विवाह नोंदणी झालेली नसती, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र विचारले गेले असते. पोहोच घेतलेली प्रत महत्त्वाची आहे, कारण नंतर थकलेल्या महिन्यांची रक्कम मागताना दुरुस्ती कधी मागितली होती, हे तिच्यावरूनच दाखवता येते.

एक गोष्ट घरच्यांना ऐकायला आवडली नाही, पण ती सांगणे भाग होते. शासनाच्या दुसऱ्या योजनेतून दरमहा १,५०० किंवा अधिक रुपये मिळत असतील, तर लाडकी बहीण योजनेसाठी ती महिला पात्र ठरत नाही. म्हणजे संजय गांधी योजनेचे पैसे सुरू झाल्यावर तिला महिन्याला ३,००० रुपये मिळणार नाहीत. "मग एवढा खटाटोप कशाला?" असे सासूबाईंनी विचारले आणि प्रश्न रास्त आहे, कारण आजच्या हिशेबात हाती येणारी रक्कम तेवढीच राहते. फरक पुढचा आहे. लाडकी बहीण योजनेची वयोमर्यादा ६५ वर्षांपर्यंत आहे, तर संजय गांधी योजनेतील महिला ६५ नंतर श्रावणबाळ योजनेत वर्ग होते आणि तिला नव्याने अर्ज करून पात्रता सिद्ध करावी लागत नाही. निर्णय सुनेने घ्यायचा आहे, पण जो घेईल तो तहसीलमध्ये लेखी कळवावा. दोन्हींचे पैसे येऊ देऊन गप्प बसणे हा पर्याय धरू नये, कारण आता दोन्ही योजनांची गाठ एकाच आधार क्रमांकावर पडते.

मधेच बंद पडलेल्या लाभाचे आणखी एक कारण

सीडिंग ठीक, आधार पडताळणी झालेली, तरीही चालू असलेला लाभ अचानक थांबला, तर हयातीच्या दाखल्याकडे पाहावे. लाभार्थी जिवंत असल्याची खात्री दरवर्षी द्यावी लागते आणि तिचा ठरलेला काळ जानेवारी ते मार्च हा आहे. तो चुकला की नाव थांबवले जाते. अशा वेळी लाभार्थी स्वतः आधारकार्ड घेऊन संगायो शाखेत किंवा तलाठ्याकडे उभा राहिला, तर प्रश्न सुटतो. चालता न येणाऱ्या व्यक्तीसाठी तलाठ्याला घरी येऊन खात्री करण्याची विनंती लेखी करावी. काही वेळा हयात माणसाला कागदावर मृत ठरवून नाव कमी केले जाते. तेव्हाही उपाय हाच आहे, फक्त अर्जात "मी हयात असून माझे नाव चुकीने कमी झाले आहे" असे स्पष्ट लिहावे आणि नाव कमी करण्याच्या आदेशाची प्रत मागावी.

लाभार्थ्याचे खरोखर निधन झाले, तर ही गोष्ट घरच्यांनी स्वतःहून तहसीलला कळवावी. मृत्यूनंतरच्या महिन्यांची जमा झालेली रक्कम काढून घेतली, तर ती वसूल केली जाते. त्या आधीची, हयातीतील रक्कम मात्र खात्यात शिल्लक असेल तर ती वारसांची असते आणि खात्याला नामनिर्देशन असेल तर मृत्यूचा दाखला देऊन ती मिळते.

कोणाकडे काय मागावे

दोष बँकेकडचा असेल, उदाहरणार्थ सीडिंगचा अर्ज देऊनही नोंद झाली नाही, किंवा पीककर्जाच्या थकबाकीपोटी शाखेने खात्यावर होल्ड लावून निवृत्तीवेतन अडवले, तर शाखाधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी आणि तिची एक प्रत तहसीलदारांना द्यावी. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. दोष तहसीलकडचा असेल, तर आधी संगायोच्या नायब तहसीलदारांना, मग तहसीलदारांना लेखी द्यावे, आणि त्यानंतरही हालचाल झाली नाही तर राज्याच्या "आपले सरकार" तक्रार प्रणालीवर नोंद करावी. तक्रारीत "पैसे मिळत नाहीत" एवढेच लिहिले तर ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहते. त्याऐवजी मंजुरी आदेशाचा क्रमांक आणि तारीख, न मिळालेले महिने, सीडिंग असलेल्या बँकेचे नाव आणि ते पाहिल्याची तारीख, आणि शेजारच्या लाभार्थ्यांना त्याच महिन्यांचे पैसे मिळाल्याची माहिती लिहावी. सुनेच्या अर्जात या चार गोष्टी होत्या, आणि तिच्या बाबतीत कोणालाही तिला परत बँकेत पाठवता आले नाही.